दसऱ्याची दुचाकी : जाहिरातीतला बोनस आणि डिलिव्हरीची वेळ

दसऱ्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी दुचाकीच्या शोरूमच्या पोस्ट व्हॉट्सअॅप स्टेटसवर, इन्स्टाग्रामवर आणि गावातल्या ग्रुपवर फिरू लागतात. झेंडूचे तोरण, आपट्याची पाने, मधोमध गाडीचा फोटो आणि त्याखाली दोन गोष्टी ठळक अक्षरांत: जुन्या गाडीवर इतका एक्स्चेंज बोनस आणि मुहूर्तावर डिलिव्हरीची हमी. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त असल्यामुळे त्या दिवशी वेगळी वेळ काढावी लागत नाही. म्हणूनच ‘दसऱ्याला गाडी काढायची’ असे अनेक घरांत महिनोन्‌महिने आधी ठरते. पितृपक्षात खरेदी टाळली जाते, त्यामुळे थांबलेली मागणी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतच्या काही दिवसांत एकदम शोरूमच्या दारात येते. पोस्टमधल्या त्या दोन ओळी नीट लिहिल्या असल्या, तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि शोरूममधली धावपळही कमी होते. त्या मोघम असल्या, तर ऐन सणाच्या दिवशी शोरूममध्ये भांडण उभे राहते.

या विषयासाठी २०२५ सालचा दसरा सर्वांत बोलका आहे. त्या वर्षी दसरा गुरुवारी, २ ऑक्टोबरला होता आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. जीएसटीचे नवे दर नेमके त्याच २२ सप्टेंबरपासून लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला आणि विजेवरच्या गाड्यांवर पूर्वीप्रमाणे ५ टक्केच राहिला. निर्णय सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जाहीर झाला होता, त्यामुळे लोक हात आखडून बसले होते. पितृपक्ष आणि करकपात ही दोन्ही कारणे एकाच दिवशी संपली.

अशा वेळी पोस्टमध्ये पहिला घोळ किमतीच्या आकड्यात होतो. समजा, एखाद्या ११० सीसी स्कूटरची जुनी एक्स-शोरूम किंमत ९०,००० रुपये होती. त्यातला २८ टक्के कर बाजूला काढला, तर मूळ किंमत सुमारे ७०,३०० रुपये निघते. तिच्यावर १८ टक्के कर लावला की नवी किंमत साधारण ८३,००० रुपये होते. म्हणजे गिऱ्हाइकाचे सात हजार रुपये वाचले. कर दहा टक्क्यांनी उतरला तरी किंमत दहा टक्क्यांनी उतरत नाही. ती आठ टक्क्यांहून थोडी कमीच उतरते. हे सात हजार सरकारने कमी केलेले आहेत आणि राज्यातल्या कुठल्याही शोरूममध्ये ते मिळणारच आहेत. पण पोस्टवर ‘एकूण लाभ १०,००० रुपये’ असे लिहिले, तर त्यातले सात हजार कराचे आणि फक्त तीन हजार बोनसचे आहेत, हे वाचणाऱ्याला कळत नाही. शोरूम आपल्याकडून जे देते तेवढेच ऑफर म्हणून लिहावे आणि करकपात किमतीत धरली आहे असे वेगळे सांगावे, हीच सरळ रीत.

दुसरा घोळ एक्स-शोरूम आणि ऑन-रोड या दोन किमतींमधल्या फरकाचा. महाराष्ट्रात पेट्रोलवरच्या दुचाकीला इंजिनाच्या क्षमतेनुसार साधारण १० ते १२ टक्के मोटार वाहन कर एकदाच भरावा लागतो. त्यावर विमा येतो. नव्या दुचाकीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा सहसा एक वर्षाचा असतो. मग नोंदणीचे शुल्क. वरच्या स्कूटरचे उदाहरण पुढे नेले, तर ८३,००० रुपयांवर कराचे सुमारे ९,१००, विम्याचे समजा ६,८०० आणि नोंदणी व इतर खर्चाचे १,१०० धरून गाडी एक लाखाला पडते. यापलीकडे पावतीवर ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले, तर ते कशाचे आहेत हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. हेल्मेटचेही तसेच. दुचाकी विकताना बीआयएस प्रमाणित हेल्मेट द्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. म्हणून ‘दसऱ्यानिमित्त हेल्मेट मोफत’ ही ओळ पोस्टमध्ये ऑफर म्हणून शोभत नाही.

आता एक्स्चेंज बोनस. जुनी गाडी शोरूमला देऊन नवी घेताना दोन रकमा वजा होतात. एक म्हणजे जुन्या गाडीची ठरलेली किंमत, आणि दुसरी म्हणजे त्या किमतीवर वर दिलेली रक्कम, तोच बोनस. हा बोनस बहुधा कंपनी आणि डीलर मिळून देतात. कंपनीकडून आपला वाटा परत मिळवण्यासाठी डीलरला जुन्या गाडीच्या आरसीची प्रत आणि नव्या गाडीचे बिल पुरावा म्हणून जोडावे लागते. जुनी गाडी गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या किंवा घरातल्या जवळच्या माणसाच्याच नावावर हवी, अशी जी अट असते तिचे कारण हेच. वडिलांच्या नावावरची गाडी देऊन मुलाच्या नावावर नवी घ्यायची असेल, तर नाते दाखवणारा कागद मागितला जातो. मित्राची गाडी आणून बोनस मागता येत नाही.

जुन्या गाडीची किंमत ठरवणारा माणस शोरूममध्ये पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतो. आधी तो गाडी थंड असताना सुरू करायला सांगतो. गरम इंजिन कुठलीही गाडी झटकन सुरू करते. थंड असताना किक किती माराव्या लागतात आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, यावरून पिस्टनची झीज कळते. मग तो चेसिस नंबर आरसीशी पडताळतो, हँडल सोडून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहतो, फोर्क वाकलेला आहे का ते बघतो आणि टायर, बॅटरी, चेन यांचा अंदाज घेतो. शेवटी तो कागदांकडे वळतो. नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली असतील, तर किंमत झपाट्याने उतरते, कारण पुढच्या मालकाला फेरनोंदणीचा खर्च येतो. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आणल्याशिवाय गाडी पुढे विकता येत नाही. हप्ते सहा वर्षांपूर्वी फिटले पण बोजा उतरवलाच नाही, अशा गाड्या दर सणाला भरपूर निघतात. बोजा उतरवायला काही दिवस लागतात, म्हणून ही अट पोस्टमध्ये पहिल्या दिवसापासून दिसली पाहिजे.

बोनसचा आकडा मोठा दिसला म्हणजे व्यवहार चांगला झाला असे नाही. समजा, एका शोरूमने जुन्या बाइकची किंमत १४,००० लावली आणि ३,००० बोनस दिला. गावातल्या दुसऱ्या शोरूमने किंमत १६,५०० लावली आणि बोनस फक्त १,५०० दिला. पहिल्याची पोस्ट दुप्पट आकर्षक असली, तरी गिऱ्हाइकाच्या हातात पहिल्याकडे १७,००० आणि दुसऱ्याकडे १८,००० पडतात. तीच गाडी ओळखीच्या मेकॅनिककडून १९,००० ला विकली जात असेल, तर हिशेब आणखी बदलतो. मात्र बाहेर विकताना नाव बदलण्याचा पाठपुरावा स्वतःला करावा लागतो आणि त्या जबाबदारीलाही किंमत आहे. ताळा पाहण्याचा उपाय सोपा आहे. शोरूममध्ये दोनच आकडे लेखी मागावेत: जुनी गाडी न देता नव्या गाडीची ऑन-रोड किंमत किती आणि जुनी दिली तर शेवटी किती भरायचे. या दोन्हींतला फरक म्हणजेच जुन्या गाडीचे खरे मोल. यातून आणखी एक गोष्ट उघडी पडते. अनेक ठिकाणी रोख सूट आणि एक्स्चेंज बोनस यांपैकी एकच मिळते. जुनी गाडी न देणाऱ्याला २,००० रुपये रोख सूट असेल, तर ३,००० च्या बोनसचा खरा फायदा एक हजारच उरतो.

जुनी गाडी शोरूमला दिल्यावरही कायद्याच्या नजरेत ती काही काळ जुन्या मालकाचीच असते. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या होतात, आरसी, विमा आणि पीयूसी सोपवले जातात. पण परिवहन कार्यालयाच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई मागणारा माणूस नोंदीतल्या मालकाकडेच येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच स्पष्ट केले. जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठी एप्रिल २०२३ पासून वेगळी व्यवस्था लागू झाली आहे. तिच्यात व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर केली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. ही नोंद होते की नाही, हे बोनसच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. निदान गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता, किती किलोमीटरवर दिली याची सही-शिक्क्याची पावती तरी हातात हवीच.

पोस्टची दुसरी ओळ डिलिव्हरीच्या वेळेची, आणि दसऱ्याच्या दिवशी सर्वाधिक मनस्ताप तिच्यावरूनच होतो. नोंदणी झाल्याशिवाय, मग ती तात्पुरती असो वा कायमची, डीलरने गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नये असा नियम आहे. नोंदणीसाठी विमा हवा, कर भरलेला हवा आणि कर्ज असेल तर बँकेची मंजुरी हवी, कारण बोजाची नोंद अर्जातच करायची असते. नंबर पडल्यावर उच्च सुरक्षा नंबर प्लेट तयार होते, आणि २०१९ पासून ती बसवून देण्याची जबाबदारी डीलरची आहे. कुणाला आवडीचा नंबर हवा असेल, तर त्याचा अर्ज वेगळा आणि वेळही वेगळी. २०२५ मध्ये यात आणखी एक अडचण होती. दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आल्याने बँका आणि सरकारी कार्यालये बंद होती. त्या दिवशी अडकलेले कर्ज किंवा राहिलेली मंजुरी मिळण्याचा मार्गच नव्हता. ज्या शोरूमांनी बुकिंग आणि कागदांसाठी आठवडाभर आधीची तारीख पोस्टमध्ये घातली, त्यांचे गिऱ्हाईक निर्धास्त होते. ‘आज बुक करा, दसऱ्याला घरी न्या’ असे शेवटच्या दिवसापर्यंत छापणाऱ्यांना मात्र हार घातलेल्या, पण नंबर नसलेल्या गाड्या शोरूममध्येच ठेवाव्या लागण्याची वेळ येते.

कागदांनंतर प्रश्न हातांचा. कारखान्यातून आलेली दुचाकी लगेच देता येत नाही. बॅटरी चार्ज करून बसवणे, आरसे लावणे, चेनचा ताण, टायरमधली हवा, ब्रेक, दिवे आणि हॉर्न तपासणे, थोडे पेट्रोल घालून चालवून पाहणे या डिलिव्हरीपूर्व तपासणीला एका गाडीमागे सुमारे पाऊण तास लागतो. ऐंशी गाड्या द्यायच्या असतील, तर हे साठ तासांचे काम झाले. तीन मेकॅनिक असले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला वीस तास येतात. त्यामुळे हे काम दसऱ्याच्या तीन दिवस आधी सुरू व्हायला हवे, सकाळी गर्दी जमल्यावर नव्हे.

प्रत्यक्ष डिलिव्हरीला किती वेळ लागतो हेही मोजून पाहण्यासारखे आहे. सह्या आणि शिल्लक पैसे यांना दहा मिनिटे, गाडी समजावून सांगायला आठ, नारळ, हार, कुंकू आणि घरच्यांसोबत फोटो यांना सात, आणि जागा मोकळी करून पुढची गाडी लावायला पाच. असा अर्धा तास होतो. चार जागा असलेल्या शोरूममध्ये सकाळी आठ ते रात्री आठ या बारा तासांत फार तर ९६ गाड्या देता येतील. उशिरा येणारी मंडळी आणि बिघाड धरून ८० च स्लॉट वाटणे शहाणपणाचे. पण गिऱ्हाइकांची मागणी दिवसभर सारखी नसते. बारा वाजेपर्यंत फक्त ३२ गाड्या निघू शकतात आणि बहुतेकांना सकाळच हवी असते. २०२५ मध्ये गुरुवार असल्याने दुपारी दीड ते तीनच्या सुमारास राहुकाळ होता, तर विजयादशमीचा विजय मुहूर्त दोन ते तीनच्या आसपास. एकच तास एका घराला नको होता आणि दुसऱ्या घराला तोच हवा होता. असा तास रिकामा ठेवण्याऐवजी बुकिंगच्या वेळीच प्रत्येकाला विचारून घेतले, तर तो भरता येतो.

यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे सह्या आणि पैसे आदल्या दिवशी, खंडेनवमीला संध्याकाळपर्यंत उरकणे. मग दसऱ्याला फक्त चावी, माहिती आणि पूजा उरते. स्लॉट वीस मिनिटांचा होतो आणि त्याच चार जागांतून बारा तासांत १४४ गाड्यांची सोय होते. गिऱ्हाइकाची रांगही वाचते. पोस्टमध्ये ही एक ओळ घालायला काहीच खर्च येत नाही, तरी ती फार थोड्या ठिकाणी दिसते.

आता प्रत्यक्ष मजकूर. ‘महाधमाका! जुनी गाडी आणा, १०,००० पर्यंत लाभ मिळवा! स्टॉक मर्यादित, त्वरा करा! अटी लागू’ अशा पोस्टमधून गिऱ्हाइकाला एकही निर्णय घेता येत नाही. ‘पर्यंत’चा आकडा कोणत्या मॉडेलला लागू आहे, अटी कोणत्या, मर्यादित म्हणजे किती, काहीच कळत नाही. वरच्या उदाहरणातल्या शोरूमची पोस्ट अशी लिहिता येईल:

‘दसरा, गुरुवार, २ ऑक्टोबर. ११० सीसी स्कूटर, ड्रम ब्रेक: एक्स-शोरूम ८३,००० रुपये (नवा जीएसटी धरून), विमा आणि नोंदणीसह ऑन-रोड १,००,००० रुपये. जुन्या दुचाकीच्या ठरलेल्या किमतीवर ३,००० रुपये एक्स्चेंज बोनस. कोणत्याही कंपनीची गाडी चालेल. आरसी स्वतःच्या किंवा घरातल्या व्यक्तीच्या नावावर असावी, बोजा उतरवलेला असावा. बोनस आणि रोख सूट यांपैकी एकच मिळेल. दसऱ्याच्या डिलिव्हरीसाठी बुकिंग आणि कागदपत्रे २५ सप्टेंबरपर्यंत. सह्या आणि शिल्लक रक्कम १ ऑक्टोबरला संध्याकाळपर्यंत. सकाळचे सर्व स्लॉट भरले आहेत. दुपारी ३ नंतरचे २६ शिल्लक. रंग: लाल आणि करडा उपलब्ध, पांढरा दिवाळीपर्यंत. आमच्याकडून वेळ चुकल्यास बुकिंगची पूर्ण रक्कम परत.’

या मजकुरात घाई करायला सांगणारे एकही वाक्य नाही, तरी २६ स्लॉट शिल्लक आहेत हे वाचून ज्याला गाडी हवी तो फोन करतोच. अर्थात, हा आकडा खरा असला पाहिजे आणि रोज बदलला पाहिजे. नवरात्रात रोजच्या रंगाची पार्श्वभूमी घेऊन रोज नवी पोस्ट टाकण्याची प्रथा पडलीच आहे. रंगाबरोबर शिल्लक स्लॉटचा आकडाही बदलला, तर त्या रोजच्या पोस्टला अर्थ येतो. जुनी पोस्ट मात्र काढून टाकावी किंवा तिच्यावर तारीख असावी. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेले चित्र सण उलटून गेल्यावरही फिरत राहते, आणि दिवाळीच्या पाडव्याला कुणीतरी दसऱ्याचा बोनस मागायला येते.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार अटी मूळ दाव्याच्याच भाषेत आणि सहज दिसतील अशा ठिकाणी लिहायच्या असतात. मराठी पोस्टच्या तळाशी बारीक इंग्रजी ओळ टाकून ही अट पूर्ण होत नाही. ज्या किमतीला वस्तू देण्याची वाजवी शक्यताच नाही, अशा किमतीचे आमिष दाखवणेही त्यांत निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या मार्गदर्शक तत्त्वांनी ऑनलाइन व्यवहारांतली खोटी घाई आणि शेवटी खर्च वाढवत नेण्याची पद्धतही अनुचित ठरवली. तक्रार करायची असेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रारीसाठी पोस्टचा स्क्रीनशॉट, बुकिंगची पावती आणि स्लॉटचा संदेश जपून ठेवावा लागतो. बुकिंगचे पैसे शोरूमच्या नावाच्या खात्यातच भरावेत. सेल्समनच्या स्वतःच्या क्यूआर कोडवर भरलेल्या पैशांची पावती मिळवताना त्रास होतो.

‘फक्त ४,९९९ भरा आणि गाडी न्या’ ही कर्जाची ओळ याच पोस्टमध्ये हमखास असते. तिच्यात प्रक्रिया शुल्क, आगाऊ हप्ता आणि कर्जाची मुदत धरली आहे का, एवढे पाहिले तरी पुरे. बोनसची रक्कम डाउन पेमेंटमधून वजा होणार की नंतर खात्यात येणार, हेही तेव्हाच विचारून घ्यावे, कारण नंतर येणारी रक्कम डिलिव्हरीच्या दिवशी खिशातूनच घालावी लागते.

गाडी घरी आल्यावर एक काम उरते, ते जुन्या गाडीचे. दिवाळी झाली की परिवहन पोर्टलवर तिचा नंबर टाकून मालकाचे नाव बदलले का ते पाहावे. आपल्या बाजूने हस्तांतरणाची सूचना देण्याची मुदत राज्यातल्या व्यवहारासाठी चौदा दिवसांची आहे. पोर्टलवर अजून जुनेच नाव दिसत असेल, तर डिलिव्हरीच्या पावतीची प्रत जोडून शोरूमला आणि परिवहन कार्यालयाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी.